स्टारफ्रूट आणि किडनी पेशंट: त्या फॉरवर्डला उत्तर

फॉरवर्ड असा: "स्टारफ्रूटमध्ये पोटॅशियम कमी असतं, किडनी पेशंटना बिनधास्त द्या. रस प्यायला तर किडनी साफ होते. आणि डायलिसिस चालू असेल तर काही असलं तरी मशीन काढूनच टाकते, एका फळाने काय होणारे!"

पोटॅशियमचं म्हणाल तर ते खरंच फार नसतं, शंभर ग्रॅममध्ये साधारण 130 मिलिग्रॅम. आणि हाच घोळ आहे, कारण लोक यादीत तेवढाच आकडा बघतात आणि फळ पास करतात. पण यात त्रास पोटॅशियमचा नाहीच, कॅराम्बॉक्सिनचा आहे. 2013 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे द्रव्य फळातून वेगळं काढलं. ते फेनिलअॅलनिनसारखं दिसणारं अमिनो आम्ल आहे, मेंदूतल्या ग्लुटामेट या पेशींना उत्तेजित करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या जागेवर, जाऊन बसतं आणि पेशींना सारखं उत्तेजित करत राहतं, प्राण्यांवरच्या प्रयोगात त्याने फिट्स आल्या. किडनी धड असेल तर ते लघवीवाटे बाहेर जातं म्हणून बाकीच्यांना सहसा काही जाणवत नाही, किडनी निकामी असेल तर ते रक्तात साठतं आणि मेंदूपर्यंत पोचतं.

रसाने किडनी साफ होते हे तर उलटंच आहे. या फळात किडनीत खडे करणारं ऑक्झलेट भरपूर, उपाशीपोटी ग्लासभर रस पिऊन धडधाकट माणसांच्या किडन्या बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.

आता मशीनचं. समजा पेशंट सोमवारी डायलिसिस करून आला, मंगळवारी दुपारी एक फळ खाल्लं, पुढचा टर्न बुधवारी. मधल्या वेळात कॅराम्बॉक्सिन काढणारं कोणीच नाही! संध्याकाळी उचकी लागते, थांबतच नाही, घरचे म्हणतात गॅस झाला असेल. मग उलटी, हातपाय बधिर, झोप लागत नाही, रात्री बरळायला लागतो आणि पहाटे फिट. हॉस्पिटलमध्ये साखर नॉर्मल, पोटॅशियम ठीक, सीटी स्कॅनही बहुतेक वेळा साफ, आणि कॅराम्बॉक्सिनची रोजची अशी टेस्ट लॅबमध्ये नसते. त्यामुळे 'काल काय खाल्लं' हे कोणी विचारलं नाही, किंवा घरच्यांनी आपणहून सांगितलं नाही, तर निदान सहज हुकतं.

मशीन उपयोगी आहेच, पण वेळेत लावली तर. उचकीच्या टप्प्यावर लगेच हिमोडायलिसिस झालं तर बहुतेक जण सावरतात, बऱ्याचदा ते लागोपाठ रोज करावं लागतं कारण लक्षणं परत डोकं वर काढतात. पोटातून करायचं डायलिसिस इथे पुरत नाही. फिट्स सुरू झाल्यावर मात्र नेहमीची औषधंही कधीकधी दाद देत नाहीत, आणि त्यातून मृत्यू झालेले आहेत.

एका फळाचं म्हणाल तर अर्ध्या फळानेही विषबाधा झालेली आहे. गोड जातीत कमी, आंबट जातीत जास्त असा हिशोब घरी करत बसू नका, फळाकडे बघून कॅराम्बॉक्सिन किती ते कळत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, डायलिसिस अजून लागलं नसेल, तरी हे फळ पूर्ण बंद. चुकून खाल्लंच असेल तर उचकीची वाट न बघता डायलिसिस सेंटरला फोन करा आणि फळाचं नाव सांगा.