कमी चाललेल्या गाडीचे ऑइल: किलोमीटर की महिने?

«ऑइल दहा हजार किलोमीटरला बदलायचे असते. माझी गाडी वर्षात जेमतेम अडीच हजार चालते, म्हणजे चार वर्षे बघायला नको. शिवाय सिंथेटिक ऑइल बंद डब्यात वर्षानुवर्षे टिकते, ते इंजिनात कसे खराब होईल? आठवड्यातून पाच मिनिटे जागेवर इंजिन चालू ठेवले की झाले.»

या दाव्यातला पहिला मुद्दा किलोमीटरचा. मॅन्युअलमध्ये बहुधा किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे दिलेले असतात आणि त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते पाळायचे असते. एक गाडी वर्षभरात तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत २,४०० किलोमीटर चालली, तर इंजिन ८०० वेळा सुरू झाले; दुसरी पन्नास-पन्नास किलोमीटरच्या प्रवासांत १०,००० चालली, तर ते २०० वेळाच सुरू झाले. ऑइलच्या दृष्टीने जास्त हाल पहिल्या गाडीचे झाले. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी वाफ आणि न जळालेले पेट्रोल पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पुरेसे तापले तर दोन्ही उडून जातात; मात्र कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो, आणि तीन किलोमीटरमध्ये ती वेळ येतच नाही. साचलेल्या पाण्यातून आम्ले तयार होतात आणि ती मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली द्रव्ये हळूहळू संपत जातात.

डब्याचे उदाहरण म्हणूनच गैरलागू आहे. बंद डब्यात ना पाणी शिरते ना पेट्रोल. सिंथेटिक ऑइल उष्णतेला चांगले तोंड देते, पण बाहेरून आलेली भेसळ त्यालाही चुकत नाही.

जागेवर पाच मिनिटे इंजिन चालवण्याचा सल्ला तर मला सरळ घातक वाटतो, कारण थंड इंजिनाला लागणारे जादा पेट्रोल आत जाते आणि ते उडवण्याइतकी उष्णता मात्र निर्माण होत नाही. त्याऐवजी पंधरवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर गाडी चालवावी.

या दाव्यात तथ्य आहे ते एवढेच, की थोडेच पण लांबचे प्रवास करणाऱ्या गाडीचे ऑइल वर्षाअखेरीस बऱ्यापैकी चांगले असू शकते. तरीही वॉरंटी असेपर्यंत महिन्यांची अट मोडू नये. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत मी बारा महिन्यांपलीकडे जाणार नाही, आणि फिल्टरही त्याच वेळी बदलेन.

रंगावरून निर्णय घेऊ नये; ऑइल लवकर काळे होते, त्यात विशेष काही नाही. डिपस्टिकवरची पातळी न भरता वाढली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर मुदतीची वाट न पाहता ते बदलावे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दिसणारा पिवळसर, सायीसारखा थर बहुधा साचलेल्या वाफेचा असतो. तो पुसून लांबची फेरी मारावी. तरीही तो परत आला आणि कूलंटची पातळीही उतरत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे लागेल.