शॉर्ट फिल्ममधला मेसेज वाचून होण्याआधी का पळतो?

पात्राला मेसेज येतो, चेहऱ्याशेजारी चॅटचा बबल उमटतो आणि दुसरी ओळ वाचून होण्याआधी शॉट बदलतो. प्रेक्षक सहसा फिल्म मागे नेऊन बघत नाही. तो पुढे जातो, आणि पुढच्या सीनमध्ये मुलगा का रडतोय हे त्याला कळत नाही. अशा ठिकाणी बहुतेक वेळा ॲनिमेशन बरं असतं, वेळेचा हिशोब चुकलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. एडिट करणाऱ्याला तो मेसेज पाठ असतो. त्याच्यासाठी ते वाचणं नसतंच, ओळखणं असतं. त्यामुळे त्याला दीड सेकंद पुरेसा वाटतो आणि प्रेक्षकाला तीन लागतात. म्हणून बबल किती वेळ ठेवायचा हे डोळ्यांवर सोडू नये, शब्द मोजून ठरवावं.

मी सुचवेन तो हिशोब असा. नजर चेहऱ्यावरून बबलवर जाण्यासाठी अर्धा सेकंद. त्यानंतर सेकंदाला अडीच शब्द. आणि मेसेज कितीही छोटा असला तरी दीड सेकंदाच्या खाली जायचं नाही. हा वेळ बबल हलायचा थांबल्यावर सुरू होतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. बबल सरकत असताना कुणी वाचत नाही, नजर फक्त त्याच्या मागे मागे जाते. पहिल्या फ्रेमपासून मोजलं की प्रत्येक मेसेजमागे पाव सेकंद बुडतो, आणि चार मेसेजमध्ये एक अख्खा सेकंद.

एक प्रसंग धरू. मुलगा होस्टेलच्या खोलीत बॅग उघडतोय, फोन हातात आहे. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर हा संवाद:

आई: पोचलास का?
मुलगा: हो, आत्ताच. जेवून फोन करतो.
आई: बाबांना ॲडमिट केलंय. काळजी करू नकोस.

पहिला मेसेज दोन शब्दांचा आहे. हिशोबाने १.३ सेकंद येतात, म्हणून किमान मर्यादा लावून १.५. दुसरा पाच शब्दांचा, २.५ सेकंद. तिसरा सहा शब्दांचा, म्हणजे २.९. पण तिसरा एका बबलमध्ये ठेवणं मला चूक वाटतं. "ॲडमिट" वाचताक्षणी प्रेक्षकाची नजर मुलाच्या चेहऱ्याकडे जाते आणि पुढची ओळ तशीच राहते. म्हणून त्याचे दोन बबल करावेत. "बाबांना ॲडमिट केलंय." याला १.७ सेकंद, मग चेहऱ्यासाठी एक मोकळा सेकंद, आणि नंतर "काळजी करू नकोस." याला पुन्हा १.७. दुसऱ्या बबललाही सुरुवातीचा अर्धा सेकंद द्यायचाच, कारण नजर चेहऱ्यावरून परत यायची आहे. सगळं मिळून ८.४ सेकंद आणि चार बबल आत येण्याचा जवळपास एक सेकंद. शॉट कापण्याआधी शेवटी आणखी अर्धा सेकंद धरला तर साधारण दहा सेकंदांचा शॉट हवा.

आता शूट केलेला शॉट आठच सेकंदांचा असेल तर? बबल पटापट आणायचे नाहीत, शब्द कापायचे. "जेवून फोन करतो" काढलं की एक सेकंद सुटतो. "पोचलास का?" आणि त्याचं उत्तर दोन्ही काढलं तर सीन थेट बातमीवर उघडतो आणि पाच-साडेपाच सेकंदांत निवांत बसतो. हा निर्णय खरं तर पटकथेतच व्हायला हवा. दिग्दर्शकाने सेटवर कुणाला तरी सगळे मेसेज क्रमाने, न घाईने मोठ्याने वाचायला सांगून तेवढा वेळ शॉट चालू ठेवावा. कलाकाराची नजरही त्या लयीत फिरते, मग बबल आणि चेहरा एकमेकांशी भांडत नाहीत.

हालचालीबद्दल माझं म्हणणं थोडक्यात आहे. सहा फ्रेम पुरेत. स्केल ९२ वरून १०० टक्के, ओपॅसिटी शून्यावरून १००, खालून वर साधारण ३० पिक्सेल, आणि शेवटाकडे वेग मंदावलेला. बबल आणि अक्षरं एकाच नल लेयरला बांधून एकत्र हलवावीत. आधी रिकामा बबल आणि मग त्यात अक्षरं, असं केलं की प्रेक्षक दोनदा थांबतो. स्प्रिंगसारखी उसळी टाळावी, कारण बबल स्थिरावायला आणखी दहा-बारा फ्रेम जातात आणि तेवढ्या वेळात वाचन सुरू होत नाही. नवा बबल आला की जुने वर सरकतात, तेही आठ-दहा फ्रेममध्ये एकदाच, आणि जुना वाचून झाल्यावरच. एका वेळी तीनपेक्षा जास्त बबल नकोत. शॉट हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा असेल तर बबल फोनला ट्रॅक करण्याचा मोह होतो. मी म्हणेन, फ्रेमला चिकटवून ठेवा. कॅमेऱ्याचा बारीक कंप अक्षरांत उतरला की वाचणं अवघड होतं.

आकार ठरवताना मॉनिटरवर विसंबू नका. बरीच मंडळी फिल्म उभ्या धरलेल्या फोनवर बघणार आहेत. तेव्हा आडव्या चित्राची रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ३९ मिलिमीटर उरते. १०८० पिक्सेल उंचीच्या फ्रेममधला ४८ पिक्सेलचा फॉन्ट तिथे पावणेदोन मिलिमीटरचा होतो, आणि देवनागरीत त्यातच मात्रा, वेलांटी, उकार सगळं बसवायचं असतं. ६० पिक्सेलला तो सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणून मी ६०च्या खाली उतरणार नाही. ओळीत सोळा-अठरा अक्षरं आणि बबलमध्ये दोन ओळी. वजन मीडियम ठेवावं. मुक्ता किंवा हिंदसारखा साधा फॉन्ट चांगला चालतो. बारीक वजनात शिरोरेषा एक-दोन पिक्सेलची होते आणि व्हिडिओ कॉम्प्रेस झाला की लुकलुकते.

देवनागरीचा खरा घोळ बबलच्या उंचीत होतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये बबल मजकुराप्रमाणे आपोआप लहान-मोठा व्हावा म्हणून sourceRectAtTime वापरतात. ते प्रत्यक्ष उमटलेल्या आकारांची चौकट देतं. "बस" या शब्दाला वर मात्रा नाही, खाली उकार नाही, म्हणून चौकट बुटकी. "कुर्ल्याहून" मध्ये वर रेफ आणि खाली दोन उकार, म्हणून चौकट उंच. परिणामी एकाच चॅटमधले एका ओळीचे दोन बबल वेगवेगळ्या उंचीचे दिसतात आणि शिरोरेषा कधी वर, कधी खाली बसते. कारण कळलं नाही तरी डोळ्याला ते खटकतं. उपाय असा की रुंदी मजकुरावरून घ्यायची, उंची मात्र ओळींच्या संख्येवरून. रेक्टँगल पाथच्या Size ला हे एक्स्प्रेशन द्या. मजकुराच्या लेयरचं नाव txt आणि ओळी एंटर दाबून तोडलेल्या:

```
var t = thisComp.layer("txt");
var r = t.sourceRectAtTime(time, false);
var n = t.text.sourceText.value.split("\r").length;
[r.width + 72, n * 84 + 44]
```

इथे ८४ म्हणजे ६० पिक्सेलच्या फॉन्टला १.४ पट ओळ-अंतर. मजकुराच्या लेयरलाही लीडिंग ८४च ठेवा. इंग्रजीसाठी चालणारं १.२ पट अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. पाथ मध्यापासून दोन्हीकडे वाढतो, म्हणून डावी कड जागेवर ठेवायची असेल तर त्याच्या Position मध्ये रुंदीचा अर्धा भाग मिळवावा लागतो. बबलला मास्क असेल तर "कुर्ल्याहून" लिहून एकदा तपासा, रेफ किंवा उकार कापला गेला तर लगेच दिसतो.

त्याआधी सॉफ्टवेअर जोडाक्षरं नीट दाखवतंय ना, हेही बघायला हवं. "कि, क्ष, त्र, र्क" एवढं टाइप करा. वेलांटी चुकीच्या जागी गेली किंवा पाय मोडलेलं अक्षर दिसलं तर सेटिंग चुकलंय. आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत Preferences मधल्या Type मध्ये Text Engine म्हणून South Asian and Middle Eastern निवडून प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागतो. तरीही जमलं नाही तर मजकूर इंकस्केपमध्ये करून पारदर्शक पीएनजी आणणं हा सरळ मार्ग आहे.

एकेक अक्षर उमटवणारा टाइपरायटर इफेक्ट देवनागरीवर लावू नये. "कि" मध्ये आधी क येतो, मग वेलांटी त्याच्या डावीकडे उगवते आणि क उजवीकडे ढकलला जातो. "क्ष" मध्ये क, मग क्, मग एकदम निराळाच आकार. डोळा या उड्यांमध्येच अडकतो. शिवाय आलेला मेसेज खऱ्या फोनवरही अख्खाच येतो. पात्र लिहितंय, खोडतंय, पुन्हा लिहितंय हेच नाट्य असेल तरच टाइपिंग दाखवावं, आणि तेव्हा सोर्स टेक्स्टवर होल्ड कीफ्रेम टाकून अख्ख्या अक्षरांच्या टप्प्यांनी: मी, मी ये, मी येतो. प्रत्येक टप्प्याला तीन-चार फ्रेम, आणि पूर्ण वाक्य झाल्यावर वाचायचा वेळ पुन्हा पूर्ण.

आपल्याकडे चॅट रोमनमध्ये चालतं, मग देवनागरी खोटी नाही का वाटत? कॉलेजच्या मुलाने kuthe ahes लिहिणं अगदी खरं आहे आणि पात्राला शोभत असेल तर ते ठेवावं. फक्त वाचायला वेळ जास्त लागतो हे मान्य करा, कारण रोमन मराठीला ठरलेलं स्पेलिंग नाही आणि वाचक मनात उच्चार करून शब्द ओळखतो. वर दिलेल्या वेळेत निदान पाव भाग वाढवावा. आणि kt ahes सारखी संक्षेपं कथेला आवश्यक असलेल्या मेसेजमध्ये नकोत.

रंगात एकच गोष्ट सांभाळायची. ऑनलाइन जाणाऱ्या व्हिडिओत रंगाची माहिती साधारणपणे उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी-उभी निम्म्या बारकाव्याने साठवली जाते. म्हणून हिरव्या बबलवर लाल अक्षरं संगणकावर सुरेख दिसतात आणि अपलोड केल्यावर कडा पसरतात. फरक उजेडात हवा: फिकट बबल, गडद अक्षरं. रात्रीच्या सीनमध्ये शुद्ध पांढरा बबल डोळ्यावर येतो, तिथे तो हलका करडा करावा.

फेस्टिव्हलला पाठवायचं असेल तर फ्रेमचा खालचा पाचवा भाग रिकामा ठेवा. इंग्रजी सबटायटल तिथेच येतं, आणि मराठी न येणाऱ्या प्रेक्षकाला बबलचा मजकूरही तिथेच वाचायचाय. त्यामुळे बबल चालू असताना पात्राच्या तोंडी संवाद नको, नाहीतर एकाच जागी दोन सबटायटलं भांडतात. शिवाय बबलशिवायची एक प्रत वेगळी काढून ठेवा. दुसऱ्या भाषेत बबल करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

शेवटची तपासणी पटकथा न वाचलेल्या माणसाकडून करून घ्यावी. फोन उभा, हाताच्या अंतरावर, आवाज बंद, एकदाच. मग विचारायचं, आईने काय कळवलं? त्याने "बाबा ॲडमिट आहेत" सांगितलं पण "काळजी करू नकोस" राहून गेलं, तर शेवटच्या बबलला आधी दहा फ्रेम वाढवा आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.