थंडीत यीस्ट मरत नाही हो, पीठ गार असतं

“थंडीत यीस्ट मरतं म्हणून पावाचं पीठ फुगत नाही. यीस्ट दुप्पट घाला, पाणी कडकडीत गरम घ्या आणि दोन तास झाले की सरळ भाजायला टाका.”

असा सल्ला कुणी दिला तर पहिली गोष्ट, यीस्ट थंडीने मरत नाही. फ्रीजमध्ये ४ डिग्रीला रात्रभर ठेवलेलं पीठसुद्धा हळूहळू फुगतंच. यीस्ट मरतं ते ५५-६० डिग्रीच्या आसपास, म्हणजे कडकडीत पाण्यात थेट टाकलं तर तुम्हीच त्याला मारताय आणि वर दोष थंडीला देताय! शंका असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा, फेस आला तर यीस्ट ठीक आहे.

खरी अडचण आहे मळलेल्या पिठाच्या तापमानाची. ते २४-२५ डिग्री असलं की काम नीट चालतं. आता डिसेंबरात नाशिकला पहाटे किचन १५ डिग्री आहे असं धरा, डब्यातला मैदाही १५च असणार, आणि त्यात नळाचं गार पाणी घातलं की गोळा तसाच गारढोण, मग दोन तासांत तो फुगणार कसा? हिशोब सोपा आहे: हवं ते तापमान गुणिले तीन, त्यातून खोलीचं आणि मैद्याचं वजा करा. २५ हवं तर ७५ वजा ३०, म्हणजे पाणी ४५च्या आसपास. थर्मामीटर नसेल तर एक वाटी उकळतं आणि दोन वाट्या नळाचं पाणी एकत्र करा, साधारण ४३ होतं. इन्स्टंट यीस्ट आधी मैद्यात मिसळा आणि मग हे पाणी घाला. दूध-बटर फ्रीजमधून काढून तसंच घालू नका, आणि ग्रॅनाइटच्या गार ओट्यावर स्टीलची परात ठेवून अर्धा तास मळत बसलात तर कमावलेली ऊब तिथेच जाते, खाली जाड टॉवेल घाला.

दुप्पट यीस्टबद्दल म्हणाल तर ५०० ग्रॅम मैद्याला एक चमचा (३ ग्रॅम) इन्स्टंट पुरतं, थंडीत फार तर पाव चमचा जास्त. दुप्पट घातलं की पावाला यीस्टचा वास मारतो, आणि पीठ कुठे उबेत ठेवलं तर ते भसाभस फुगून बसतं.

मळून झालं की बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवून त्याच्याशेजारी झाकलेलं पीठ ठेवा, पाणी निवलं की बदला.

आणि दोन तासांचं म्हणाल तर प्लीज घड्याळ बघून भाजू नका. मळल्यावर सरळ उभ्या काचेच्या ग्लासात लिंबाएवढा गोळा दाबून बसवा, रबरबँडने खूण करा आणि ग्लास पिठाशेजारीच ठेवा, तो दुप्पट झाला की मोठा गोळाही झाला, मग तीन तास लागोत की चार. पाव वळून ट्रेमध्ये ठेवल्यावर परत फुगू द्यायचेच, तेव्हा बोटाला कोरडा मैदा लावून पाव हलका दाबून बघा: खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा, हळूहळू अर्धाच भरला तर ओव्हनमध्ये टाका.