न धुतलेली ओढणी

मुलुंडात पाळणाघर चालवणाऱ्या बाईला कोणाचं नाव ठाऊक नसतं. आमच्याकडे येणाऱ्या बायका चिकूची आई, ओवीची आई, ‘तो चावरा’ त्याची आई अशाच ओळखल्या जातात. परवा चिकूची आई आली. चिकू दीड वर्षाचा, आई फोर्टमधल्या ऑफिसात, आणि तो त्याचा पहिला दिवस.

पहिल्या दिवसासाठी मी दाराला यादी लावून ठेवली आहे: कपड्यांचे ३ जोड, ४ डायपर, डबा, पाण्याची बाटली, आणि ज्यावर मूल घरी झोपतं ते दुपटं. प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव. मार्करचं पुन्हा पुन्हा सांगते, कारण स्टीलचे डबे जगात सगळीकडे सारखेच असतात आणि दुपारी वरणभाताची अदलाबदल झाली की संध्याकाळी दोन आयांशी बोलावं लागतं.

चिकूच्या आईने बॅग नाही, गावाला निघाल्यासारखी सुटकेस आणली होती. नऊ जोड कपडे, दोन थर्मामीटर, डास पळवायचं मलम, आणि कंपनीच्या पॅकिंगसकट एक नवीन हत्ती. दुपटंही होतं. मी ते नाकाला लावलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं, हे धुतलंस?”

“काकू, काल रात्रीच! गरम पाण्यात, दोनदा!”

झालं. दीड वर्षाच्या पोराला परक्या घरात ओळखीचं काय हवं असतं? वास. दुपट्यात आईचा वास असतो, कालच्या दुधाचा असतो, घरातल्या उशीचा असतो. तो साबणाने काढून टाकला की उरतं ते फक्त कापड, आणि कापड माझ्याकडेही आहे. म्हणून दुपटं न धुता आणायचं. त्याहून बरं म्हणजे आईने रात्री स्वतःच्या उशाशी घेऊन झोपायचं. हे यादीत लिहिलं तर बायकांना मी अस्वच्छ वाटते, म्हणून तोंडी सांगते आणि नेमकी विसरते.

“ओढणी काढ,” मी म्हटलं. ती बघतच राहिली. पण काढली. बिचारी त्या दिवशी ऑफिसला ओढणीशिवाय गेली.

आता दारातला निरोप. सगळी गोम इथे आहे. माझ्या मते त्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. पोर रोजच्या एकाच माणसाच्या हातात द्यायचं, म्हणजे आमच्या मावशींच्या. त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं, “भात झाला, गाई झाली, की आई येणार.” ‘दीड वाजता’ म्हणायचं नाही, त्याला घड्याळ कळत नाही, भात कळतो. मग टाटा. आणि पाठ फिरली की परत यायचं नाही.

चिकूच्या आईचा बेत वेगळा होता. “तो हत्तीशी खेळायला लागला की मी हळूच सटकते,” ती कुजबुजली. मी साफ नाही म्हटलं. सटकलं की त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून पोर खेळतच नाही. हत्तीकडे बघितलं की आई गायब होते, हे त्याला कळलेलं असतं. मग घरीसुद्धा आई बाथरूममध्ये गेली की दार बडवतं. त्यापेक्षा आधीचा आठवडाभर घरी बुवाकूक खेळावं. आई पदराआड जाते आणि परत येते, एवढंच तर शिकवायचं असतं.

तिने टाटा केला. चिकूने भोंगा लावला. ती जिन्यापर्यंत गेली, परत आली, पापा घेतला, गेली, परत आली. प्रत्येक परतीला भोंगा नव्याने पहिल्या पट्टीपासून सुरू. रडलं की आई येते, हा हिशेब पोराने तिसऱ्या फेरीत पक्का केला. शेवटी मी दार लावलं. तिला लोकलही गाठायची होती, आणि मुंबईत गाडी पावणेनऊला नसते, आठ-सेहेचाळीसला असते.

चिकू रडला तो घड्याळ लावून सात मिनिटं. मध्ये मध्ये थांबून कान देई. आमच्या जुन्या लिफ्टला जाळीचा दरवाजा आहे, तो खडखडला की ‘आली!’ म्हणून दाराकडे झेप, आणि कोणी नाही म्हटल्यावर पुन्हा सूर. म्हणून नवीन पोराला पुढच्या खोलीत ठेवायचंच नाही. मावशींनी त्याला मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत नेलं. तिथे कुकर, कावळा, आणि खाली भाजीवाला. दीड वर्षाच्या माणसाला एवढ्यात अर्धा तास जातो. हत्ती पॅकिंगमध्येच राहिला.

तेवढ्यात फोन. घाटकोपरहून पहिला, कुर्ल्याहून दुसरा, दादरहून तिसरा. भायखळ्याला मी तिला खिडकीतल्या चिकूचा फोटो पाठवला. फोटो पोर शांत झाल्यावरच पाठवायचा असतो. रडतानाचा पाठवला तर बाई पुढच्याच स्टेशनवर उतरून उलट्या गाडीने परत येते. आली आहे एक.

तिच्या ऑफिसच्या जवळ पाळणाघर नाही का, असं विचाराल. कायद्याने असायला हवं. २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा असते. तिच्याकडे सोय आहेसुद्धा. फक्त तिथवर पोहोचायला चिकूला आठ-सेहेचाळीसच्या लेडीज डब्यातून न्यावं लागेल, हे कायद्यात नाही.

साडेअकराला वरणभात. चार घास खाल्ले, पाचवा मावशींच्या साडीवर. पहिल्या दिवशी पोट भरून कोणीच खात नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही आणि कोंबायचंही नाही. मी घास मोजत नाही, डायपर बघते. ओलं होतंय ना, मग चाललंय. सहा तास कोरडं राहिलं तर मात्र मीच आईला फोन करते.

सव्वाबाराला डोळे जड झाले तेव्हा खरी परीक्षा. आई आठवते ती झोपेत जाताना. चिकूने दुपटं लाथेने उडवलं. मी ओढणी दिली. त्याने ती हुंगली, टोक तोंडात घातलं, आणि कोळी लाटेवर होडी सोडतो तसा सुटला झोपेत. चाळीस मिनिटं.

हाफ डे टाकून आई सव्वाला हजर. चिकू उठून वाटीने वाटी बडवत होता, चेहरा हसरा. तिला बघितलं मात्र, आणि असा टाहो फोडला की शेजारच्या आजी बाहेर आल्या. आई माझ्याकडे अशी बघते, जणू आम्ही दिवसभर त्याला उन्हात उभं केलंय. तिला सांगितलं, हे दुःखाचं नाही गं. दिवसभर आवरून धरलेलं असतं, ते हक्काचं माणूस दिसल्यावर सुटतं. तुझंही सुटतंय की.

ती डोळे पुसायला ओढणी शोधू लागली. ओढणी चिकूच्या मुठीत होती, तिच्यावर वरण होतं आणि ती तो सोडेना.

दुसऱ्या दिवशी ती दोन ओढण्या घेऊन आली, एक गळ्यात, एक पिशवीत. पिशवीतली धुतलेली नव्हती, हे मी नाकानेच तपासून घेतलं. सुटकेस मात्र तीच होती.