दीड दिडं सव्वादोन

"मामा, रविवारी सायकलवर निगडीला मिसळ खायला जाऊ," भाचा म्हणाला. रोज सायकलवरून मंडईत जाणाऱ्याला निगडीची कसली भीती? जुलै असल्याने मी रेनकोट चढवला. पुढेमागे अंग भरलंच तर असू दे, म्हणून दोन नंबर मोठा घेतलेला. (अंग भरलं, पण तेवढं नाही.)

दापोडीपर्यंत मजेत गेलो. नाशिक फाटा ओलांडला आणि समोरून वारा सुटला. गळ्यातून रेनकोटात हवा शिरली आणि पाठीवर गणपतीचा मांडव उभा राहिला. भाच्याने हँडलला लावून दिलेला मीटर पंधरा दाखवत होता, छाती मात्र तीसचा भाता मारत होती.

"तुझा मीटर बिघडलाय!"

"मीटर बरोबर आहे मामा. समोरचा वारा पंधराचा, तुम्ही पंधराने. हवेला तुम्ही तीसनेच धडकताय. तिला रस्त्याचा वेग कुठे कळतो?"

टपरीवर चहा सांगून मी विचारलं, मग मंडईत जाताना ही हवा कुठे असते? तो म्हणाला, तिथे तुम्ही दहा-बाराने जाता. त्या वेगाला टायरचं घर्षणच जास्त, आणि ते वेगाबरोबर फारसं वाढत नाही. हवेचं तसं नाही. वीसने जाताना तुमच्या अंगाला दर सेकंदाला साधारण तीन किलो हवा बाजूला सारावी लागते.

तीन किलो! सेकंदाला! मी पिशवीतले बटाटे आठवले.

"आता तीसने जा. सेकंदाला दीडपट हवा समोर येणार. शिवाय त्यातल्या प्रत्येक किलोला धक्का द्यायचा तोही दीडपट वेगाचा. म्हणजे दीड गुणिले..."

"दीड दिडं सव्वादोन!" आजोबांनी छडी दाखवून पाठ करून घेतलेली दिडकी पन्नास वर्षांनी एकदाची कामी आली.

"तेच. म्हणून जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि वारा नसताना खरोखर तीसने गेलात, तर तो सव्वादोनपट जोर दीडपट अंतर रेटायचा. मग दम सव्वातीनपटीच्याही वर लागतो. त्यात हा तुमचा मांडव. समोरून दिसणारं अंग वाढलं की त्याच प्रमाणात जोर वाढतो, वर कापड फडफडतं ते वेगळंच."

मी रेनकोट काढून कॅरिअरला बांधला. पाय खरंच हलके झाले आणि दोनच मिनिटांत पाऊस आला.

चिंचवडच्या पुढे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "काय रे, तू सकाळपासून माझ्या मागेच कसा?"

"मागे हवा कमी लागते, मामा."

मी त्याला पुढे घातलं आणि चाकाला चाक लावून त्याच्या आडोशाला गेलो. पोरगं शेवग्याची शेंग. त्याच्यामागे माझा डावा खांदा तेवढा झाकला गेला.