शटर पडलं म्हणजे ड्युटी सुटली असं नसतं

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. साडीच्या दुकानाचं बंद शटर, वर दुकानाचा दिवा, खाली याची कॅप्शन, "रात्रीचे फक्त 9:20, यांना ग्राहक नको आहे वाटतं". झालं, खाली रांग लागली. म्हणूनच मराठी माणूस धंद्यात मागे, पुण्यात काही सुधारणार नाही, एक ते चार झोपा काढा अजून, वगैरे नेहमीचे जोक. मी दोन वेळा टाइप केलं आणि दोन वेळा डिलिट केलं, कारण ग्रुपवर भांडायचं नाही असं बायकोला कबूल केलंय. म्हणून इथे लिहितोय. मोठं होईल, वाचायचं तर वाचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नाही, पण ऑफिसात लागायच्या आधी मी चार वर्षं साडीच्या दुकानात सेल्समन होतो. गादीवर बसून साड्या उलगडायच्या, ताई हा रंग बघा, वहिनी हे काठ बघा. दुकानाचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

31 ऑक्टोबर 2018, बुधवार, दिवाळी आठवड्यावर. आमचं बंद व्हायचं टायमिंग साडेनऊ. नऊ वीसला एक फॅमिली आली, सहा जण, शालू बघायचाय. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, वाकून आत आले. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "दाखव रे." एक्केचाळीस साड्या उलगडल्या. आकडा लक्षात आहे कारण नंतर घड्या मी आणि आमच्या दुकानातल्या जुन्या सेल्समन काकांनीच घातल्या. दहा वाजून पाच मिनिटांनी ते उठले, "उद्या सासूबाईंना घेऊन येतो" म्हणाले आणि गेले.

आता ज्यांना वाटतं की गिऱ्हाईक गेलं, शटर ओढलं, घरी, त्यांनी एकदा गादीवर बसून बघावं. उलगडलेली साडी तशीच ठेवता येत नाही. कॉटनची असेल तर एकट्याने पटकन होते, पण जरीची जड साडी दोघांनी समोरासमोर धरून घालावी लागते, आणि आधीच्याच मोडीवर पुन्हा घडी घातली तर जर तिथे तुटते, म्हणून मोड बदलायची. मग बॉक्स, मग ज्या कपाटातली त्याच कपाटात, मग स्टॉक मोजायचा, मग कॅश जुळेपर्यंत थांबायचं, कारण एखादी साडी कमी भरली तर सगळ्यांच्या पिशव्या बघणार. आम्ही बाहेर पडलो तेव्हा दहा पन्नास. माझी शेवटची बस गेलेली. काका सायकलवाले, त्यांनी मला डबलसीट चौकापर्यंत सोडलं. वय छप्पन, पायाच्या शिरा सुजलेल्या, आणि मला म्हणतात, बस रे तू मागे.

हे काका फार भारी माणूस. ऐंशीच्या दशकापासून याच धंद्यात. त्या रात्री चालत्या सायकलवर त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. 1948 चा जुना दुकाने कायदा होता त्यात दुकान बंद करायची वेळच लिहिलेली होती, मूळ कायद्यात रात्री साडेआठ. आणि त्या वेळेला जे गिऱ्हाईक आत असेल किंवा थांबलेलं असेल त्याच्यासाठी पुढची पंधरा मिनिटं, बस्स. आठवड्यातून एक दिवस आख्खं दुकान बंद. काका म्हणाले, "तेव्हा आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो, वहिनी, इन्स्पेक्टर येतील हो. मालकही काही बोलायचा नाही, त्यालाच दंडाची भीती."

बघा गंमत. त्या कायद्याने कामगाराला एक वाक्य दिलं होतं. मला घरी जायचंय असं सेल्समन कधीच म्हणू शकत नाही, पण इन्स्पेक्टर येईल असं म्हणू शकत होता.

तो कायदा गेला. 19 डिसेंबर 2017 पासून महाराष्ट्रात नवीन लागू झाला. त्याप्रमाणे दुकान वर्षाचे 365 दिवस उघडं ठेवता येतं, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी द्यायची. म्हणजे दुकानाची सुट्टी गेली आणि माणसाची सुट्टी आली. कागदावर हे चांगलंच आहे, मान्य. रविवारी दुकान उघडं असावं असं मलाही वाटतं, मीही रविवारीच खरेदीला जातो. पण दुकान बंद आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं. माझा ऑफ गुरुवारी होता की नाही हे कोण बघणार? माझा ऑफ म्हणजे भिंतीवरच्या कागदावर पेनाने लिहिलेलं "गुरु".

त्या बुधवारी रात्री कॅश जुळल्यावर मालक काय म्हणाले माहितीये? "उद्या तुझा ऑफ ना? ये जरा, गर्दी आहे, नंतर ॲडजस्ट करू." दुसऱ्या दिवशी आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. नंबर मोठ्या मुश्किलीने मिळालेला. मी हो म्हणालो. नाही म्हणायची पद्धतच नव्हती, आणि कधी जबरदस्ती दांडी मारलीच तर खाडा. कायद्यात लिहिलंय की ऑफच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यायची. म्हणजे माझी डिसेंबर संपेपर्यंत मिळायला हवी होती. डिसेंबरात विचारलं तर उत्तर, आता लग्नसराई आहे. आईला शेवटी शेजारच्या मुलीने नेलं.

आता तासांचं बघा, कारण इथेच सगळा खेळ आहे. तेव्हाचा नियम दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. शिवाय एक स्प्रेडओव्हर नावाचा प्रकार असतो, तो कुणालाच माहीत नसतो. सकाळी हजर झाल्यापासून रात्री सुटेपर्यंतचा सगळा वेळ, मधलं जेवण, मधली सुट्टी धरून. तो साडेदहा तासांच्या वर न्यायचा नाही, तातडीचं वगैरे काम असेल तर बारा. मी सीझनला पावणेदहाला हजर आणि सरासरी सव्वादहाला बाहेर. झाले साडेबारा. जेवणाचा तास वजा केला तर काम साडेअकरा तास, सहा दिवसांचे एकोणसत्तर. अठ्ठेचाळीस वजा केले की आठवड्याला एकवीस तास ओव्हरटाइम. आणि ओव्हरटाइमला मर्यादा होती तीन महिन्यांत 125 तास. म्हणजे सहा आठवड्यांत कोटा संपला! गणपतीत सुरू झालेला सीझन आमचा दसऱ्यानंतर लगेच बेकायदेशीर होत होता आणि दिवाळी तर अजून पुढेच.

पैसे? ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. माझा पगार 12,480. सव्वीस दिवसांनी भागा, आठ तासांनी भागा, तासाला साठ रुपये. दुप्पट म्हणजे एकशेवीस. एकवीस तासांचे आठवड्याला 2,520. मला दिवाळीला मिळालं काय, एक शर्टपीस आणि फराळाचं पाकीट. फराळ चांगला होता, खोटं कशाला बोलू.

आणि त्या एक ते चारच्या जोकबद्दल. माझा भाऊ भांड्यांच्या दुकानात होता. नऊ ते एक, चार ते साडेआठ. काम साडेआठच तास, दिवसाच्या नऊ तासांच्या नियमात बसतं, पण सकाळी नऊ ते रात्री साडेआठ म्हणजे स्प्रेडओव्हर साडेअकरा. दुपारी कात्रजला घरी जाऊन परत येणं परवडत नाही, मग तीन तास पोत्यांवर आडवा. पुणेकर दुपारी झोपतो म्हणून हसता ना, तो झोपलेला माणूस घरी नसतो, दुकानात असतो, शटरच्या आत.

जाऊ दे. चिडून उपयोग नाही. मालकांचंही खोटं नाही, भाडं, लाइट, त्यात आता सगळे मोबाइलवर साड्या मागवतात. आमचे मालक स्वतः सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, हे मला लिहावंच लागेल. ज्या दुकानात बाप, मुलगा आणि एकच पोऱ्या, तिथे तर मालकच जास्त राबतो.

पण मग हे ऐका. तासांचे आणि सुट्टीचे हे सगळे नियम दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांनाच होते. आम्ही चौदा जण होतो. रजिस्टरवर नऊ! मी चार वर्षांतले अडीच वर्षं त्या दुकानात अस्तित्वातच नव्हतो. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने बदल मंजूर केले, दहाच्या जागी वीस कामगार, नऊच्या जागी दहा तास, स्प्रेडओव्हर बारा, ओव्हरटाइम 125 वरून 144. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तसेच, त्यावरचं सगळं ओव्हरटाइम. म्हणजे आमच्यासारख्या चौदा जणांच्या दुकानाला आता खोटं रजिस्टर ठेवायचेही कष्ट नाहीत. लगेच ऑक्टोबरात शासनाने स्पष्ट केलं की दारूची दुकानं, बार वगैरे सोडून बाकीची चोवीस तास उघडी ठेवता येतात. आपल्याच लोकांनी स्टेटस ठेवले, मुंबई-पुणे आता झोपणार नाही. अरे पण जागं कोण राहणार? दोन पाळ्यांची माणसं ठेवली तर ठेवा की चोवीस तास, माझं काहीच म्हणणं नाही. दुकान दोन पाळ्यांचं आणि माणूस एकच, हे होणार आहे म्हणून बोलतोय.

काउंटरच्या मुलींचं तर वेगळंच. कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती हवी आणि घरापर्यंत सोडायची सोय हवी. संमतीची सही जॉइन होतानाच घेतलेली असायची. सोडायची सोय म्हणजे काका, सायकल हातात धरून रिक्षा मिळेपर्यंत थांबायचे.

काका मागच्या वर्षी भेटले, आता घरी असतात. विचारलं, काय करता दिवसभर? म्हणाले, "गुरुवारी तुझी आठवण येते." दोघंही हसलो. त्या फॅमिलीची सासूबाई काही दुसऱ्या दिवशी आली नव्हती, तेही त्यांच्या लक्षात होतं.

तर सोसायटीतल्या त्या मित्राला एवढंच सांगतो, तुझा फोटो मी झूम करून बघितला. शटरच्या खाली दोन बोटं फट आहे बघ, त्यातून ट्यूबलाइटचा उजेड पायरीवर पडलाय. आत घड्या चालू आहेत.