उणे ४९० म्हणजे ग्राउंड ग्लासच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

> सर, लेख वाचला, पण पटला नाही. विंडो ही पडद्यावरची ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची सोय आहे, तिचं तुम्ही उगाच प्रस्थ माजवलंय. सीटीत प्रत्येक पिक्सेलचा आकडा ठरलेला असतो, विंडो फिरवून तो बदलत नाही. परवा मी फुप्फुसातल्या एका डागावर मोजणीचं वर्तुळ, म्हणजे आरओआय, टाकला, घनतेची सरासरी उणे ४९० आली. ग्राउंड ग्लास, विषय संपला. मग ‘लंग विंडोत बघा, रक्तवाहिन्या शोधा’ असलं डोळ्यांवर विसंबणारं तंत्र विद्यार्थ्यांना का शिकवता?

आकडा बदलत नाही हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फुप्फुसाच्या सीटीतल्या विंडोवरच्या माझ्या लेखात ‘विंडो बदलली की नोड्यूल बदलतो’ असं एक वाक्य होतं. ते चुकीचं होतं, तुमची प्रतिक्रिया वाचून मी ते काढून टाकलं. नोड्यूल तोच राहतो, घनतेचे हाउन्सफील्ड आकडेही तेच राहतात. त्या आकड्यांमधला कोणता फरक डोळ्याला दिसणार, एवढंच विंडो ठरवते.

माझी हरकत तुमच्या पुढच्या पायरीला आहे. उणे ४९० ही सरासरी आहे, आणि सरासरी कशाकशाची मिळून झाली हे ती स्वतः सांगत नाही. हा आकडा किमान तीन अगदी वेगळ्या गोष्टींतून येऊ शकतो.

पहिली म्हणजे तुम्ही म्हणता ती. निरोगी फुप्फुस साधारण उणे ८५०च्या आसपास असतं, पाणी शून्यावर आणि मऊ ऊती ३० ते ६०च्या दरम्यान. वायुकोशांत थोडा द्रव किंवा पेशी आल्या, त्यांच्या भिंती जाड झाल्या, पण हवा पूर्ण गेली नाही, तर घनता मधे कुठेतरी येते. सगळा डाग एकसारखा उणे ४९० असेल तर तो खरोखरच ग्राउंड ग्लास, म्हणजे धुक्यासारखी अर्धवट घनता.

दुसरी गोष्ट स्लाइसच्या जाडीतून येते. समजा ४ मिमीचा एक गोल, पूर्ण सॉलिड नोड्यूल आहे, घनता ४०, आणि स्लाइस आहेत ५ मिमी जाडीच्या. तो नोड्यूल नेमका दोन स्लाइसच्या सीमेवर बसला, अर्धा वर, अर्धा खाली, तर प्रत्येक स्लाइसच्या जाडीत २ मिमी नोड्यूल आणि ३ मिमी हवेशीर फुप्फुस येतं. मशीन त्या ५ मिमीची सरासरी काढून एकच आकडा पिक्सेलमध्ये भरतं:

```
0.4 × 40 + 0.6 × (−850) = −494
```

हे झालं नोड्यूलच्या मधोमध. कडेला तर त्याहूनही फिका. पडद्यावर दोन लागोपाठच्या स्लाइसवर एक पुसट करडा ठिपका दिसतो आणि आरओआय प्रामाणिकपणे उणे ४९०च्या आसपासचा आकडा देतो. त्याच स्कॅनची १ मिमीची मालिका उघडली की तिथे रक्तवाहिनीइतका पांढरा सॉलिड नोड्यूल बसलेला असतो. तुमच्या प्रतिक्रियेत स्लाइस किती जाडीची होती याचा उल्लेख नाही, म्हणून हे आधी सांगितलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्यावरच मी जरा रेंगाळणार आहे. काही काळापूर्वी माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी एक स्कॅन आलं होतं. उजव्या वरच्या लोबमध्ये १५ मिमीचा गोलसर डाग. आधीच्या अहवालात ‘ग्राउंड ग्लास नोड्यूल, सरासरी घनता उणे ४९०’ असं लिहिलेलं. अख्ख्या डागाभोवती वर्तुळ काढून मोजलेला आकडा होता तो, आणि मोजणीत काहीही चूक नव्हती. मीही मोजला, जवळपास तेवढाच आला.

मग १ मिमीच्या स्लाइस लंग विंडोत लावल्या आणि हळूहळू वरून खाली उतरत गेलो. डागाचा बहुतेक भाग धुक्यासारखा होता. एक बारीक रक्तवाहिनी बाहेरून येऊन त्या धुक्यात शिरत होती आणि तिच्या दोन्ही कडा आतही स्पष्ट दिसत होत्या. पण डागाच्या मागच्या बाजूला, मध्यापासून जरा सरकून, ७ मिमीचा एक भाग होता तिथे ती रेघ हरवत होती. रक्तवाहिनी आणि भोवतालचं यांत फरकच उरत नव्हता. धुक्यात छोटा आरओआय टाकला तेव्हा उणे ६२० आला, त्या दाट भागात उणे २०.

आता हिशेब करून बघा. १५ मिमीच्या वर्तुळात ७ मिमीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ जेमतेम २२ टक्के भरतं. २२ टक्के उणे २० आणि ७८ टक्के उणे ६२०, यांची सरासरी येते उणे ४८८. म्हणजे धुकं आणि दाट भाग दोन्ही असलेल्या पार्ट-सॉलिड नोड्यूलनेही तुमचाच आकडा दिला. दाट भाग क्षेत्रफळाने लहान असतो, त्यामुळे सरासरीत तो बुडून जातो, आणि नेमका तोच भाग निर्णायक असतो.

किती निर्णायक, ते छातीच्या रेडिओलॉजीतल्या फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांवरून कळेल. योगायोगाने सापडलेला एकच शुद्ध ग्राउंड ग्लास नोड्यूल ६ मिमी किंवा मोठा असेल तर पुढचा सीटी ६ ते १२ महिन्यांनी. पार्ट-सॉलिड असेल तर ३ ते ६ महिन्यांनी. आणि तेव्हाही तो टिकून असला व सॉलिड भाग ६ मिमी किंवा जास्त असला, तर तो अत्यंत संशयास्पद धरायचा. मधे वेळ जाऊ देण्याचं कारण असं की असे बरेच डाग निव्वळ दाहामुळे आलेले असतात आणि आपोआप विरून जातात.

या ६ मिमीच्या रेषेपाशी विंडो आडवी येते. त्याच रुग्णाचा तोच दाट भाग मी मिडिआस्टायनल विंडोत पाहिला, रुंदी ४००, पातळी ४०. धुकं साफ नाहीसं झालं आणि काळ्या पार्श्वभूमीवर ४ मिमीचा एक ठिपका उरला. पातळीतून अर्धी रुंदी वजा केली की या विंडोचा खालचा टोक-आकडा मिळतो, उणे १६०. त्याखालचं सगळं, मग ते उणे २०० असो की उणे ८५०, सारखंच काळं दिसतं. सॉलिड भागाची कड भिंतीसारखी उभी नसते, तिची घनता बाहेरच्या धुक्याकडे उतरत जाते. तो उतार उणे १६० ओलांडतो तिथेच विंडो तो छाटून टाकते. लंग विंडोत ७, इथे ४. एक मोजमाप ६च्या वर, दुसरं खाली, आणि पिक्सेलचा एकही आकडा बदललेला नाही.

म्हणूनच सॉलिड भाग लंग विंडोतच मोजायचा असा संकेत आहे, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा टप्पा ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीतही टी, म्हणजे मूळ गाठीची श्रेणी, ठरवताना सॉलिड भागाचं माप लंग विंडोतलंच धरतात. पडद्याच्या कोपऱ्यात `W 1500 L -600` असं काहीसं दिसतं ना, तीच ही विंडो. उणे १३५० ते १५० एवढा पल्ला तिच्यात येतो. निरोगी फुप्फुस गडद करडं, उणे ६२०चं धुकं मध्यम करडं आणि रक्तवाहिनी जवळजवळ पांढरी, असे तिन्ही थर एकाच वेळी वेगळे दिसतात.

उलट बाजूची चूकही होते, आणि ती मला जास्त वेळा सापडते. धुकं नीट दिसावं म्हणून कोणीतरी माउस ओढत विंडो अरुंद करतं. समजा रुंदी ५००, पातळी उणे ६०० झाली. आता वरचं टोक उणे ३५०. त्याच्या वरचं सगळं कोरं पांढरं. ग्राउंड ग्लास जरा दाट असेल, उणे ३३०च्या आसपास, तर तो आणि त्यातली ४०ची रक्तवाहिनी दोघंही सारखेच पांढरे होतात. रक्तवाहिनी बुडाली असं वाटतं आणि ग्राउंड ग्लासला सॉलिड म्हटलं जातं. अशी शंका आली की मी विंडो पुन्हा १५००वर नेतो आणि तीच रक्तवाहिनी शोधतो. ती परत दिसू लागली तर विंडोने फसवलं होतं.

तुम्ही ज्याला डोळ्यांवर विसंबणारं जुनं तंत्र म्हणता ती खरं तर ग्राउंड ग्लासची व्याख्याच आहे. घनता वाढलेली, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या आणि श्वासनलिकांच्या कडा दिसत आहेत. फ्लाइशनरच्या शब्दावलीत उणे अमुक ते उणे तमुक अशी व्याख्या नाही, आणि ते योग्यच आहे. रुग्णाने श्वास पुरता न घेता थोडा सोडला, तरी निरोगी फुप्फुसाची घनताही शंभरेक आकड्यांनी वर सरकू शकते. रक्तवाहिनी आणि भोवतालचं धुकं यांची तुलना मात्र एकाच श्वासातली असते, म्हणून ती जास्त भरवशाची.

आरओआय टाकू नका असं मी कधीच म्हणणार नाही. तो छोटा ठेवा, पातळ स्लाइसवर टाका, धुक्यात एक आणि दाट भागात एक असे वेगळे घ्या, रक्तवाहिनी आत येऊ देऊ नका. पातळ स्लाइसवर सॉलिड नोड्यूलमध्ये चरबीचा आकडा मिळाला, उणे ४० ते उणे १२०च्या दरम्यान, तर तो हॅमार्टोमा या निरुपद्रवी गाठीकडे बोट दाखवतो. तिथे आकड्याचं मोल मोठं आहे, आणि मिडिआस्टायनल विंडोचंही, कारण चरबी आणि कॅल्शियम तिच्यातच चटकन उठून दिसतात.

आता तुमच्या डागाबद्दल. आधी मालिकेची जाडी बघा. ५ मिमी असेल तर त्या उणे ४९०वरून काहीच ठरवू नका, १ मिमीची मालिका उघडा. ती पाठवलेली नसेल तर स्कॅन जिथे झालं तिथे लगेच विचारा. मूळ कच्चा डेटा बहुतेक ठिकाणी थोडेच दिवस ठेवतात, आणि तो पुसला गेला की पातळ स्लाइस पुन्हा बनवता येत नाहीत. मिळाल्या तर लंग विंडोत एकेक स्लाइस सरकवत, डागात शिरणारी एखादी रक्तवाहिनी बाहेरूनच पकडा आणि तिच्यामागे आत जा. ती कुठे अंधुक होते, तिथे थांबून मोजा. पातळ स्लाइस मिळाल्याच नाहीत तर अहवालात ‘ग्राउंड ग्लास’ असं ठाम लिहू नका. मी अशा वेळी ‘५ मिमी स्लाइसवर अस्पष्ट घनतेचा नोड्यूल, प्रकार ठरवता येत नाही, पातळ स्लाइसचा सीटी करावा’ एवढंच लिहितो.